चौदा पानांचे फोटो आणि आठ मिनिटे : जुन्या शोधलेखातून स्लाइड आणि बोलायच्या टिपा

प्रश्न : मी ठाण्यात क्षयरोगाच्या कामात आहे. २४ मार्चच्या, जागतिक क्षयरोग दिनाच्या कार्यक्रमात ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या १९४८च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या लेखावर ८ मिनिटे मराठीत बोलायचे आहे. समोर आरोग्यसेविका आणि आशाताई असतील. नेरुळच्या एका ग्रंथालयातल्या बांधीव खंडातून १४ पानांचे फोटो काढून आणलेत, पण फोटोतून मजकूर काढला तर सगळा काला झालाय. यातून स्लाइडचा आराखडा आणि बोलायच्या टिपा कशा करू?

उत्तर :

काला होण्याचे कारण बहुधा रकाने आहेत. हा लेख दोन रकान्यांत छापलेला आहे आणि बांधीव खंडाचे पान शिवणीकडे वळते. ओळी जरा तिरक्या झाल्या की फोटोतून मजकूर काढणाऱ्या ओसीआरला मधली पांढरी पट्टी दिसत नाही आणि ते डाव्या रकान्याची ओळ सरळ उजव्या रकान्याच्या ओळीला जोडून वाचते. ओळखायची खूण सोपी आहे. शब्द शुद्ध आहेत पण वाक्य मध्येच भलतीकडे जाते, तर रकाने मिसळलेत. शब्दच मोडलेले आहेत, तर फोटो खराब आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी हे पाहून घ्या.

रकाने मिसळले असतील तर फोनमध्येच प्रत्येक पानाचे दोन तुकडे कापा, डावा आणि उजवा, आणि नावे `p769a.jpg`, `p769b.jpg` अशी छापील पानाच्या क्रमांकावरून द्या. लेख पान ७६९ ते ७८२ असा आहे, म्हणजे चौदा पाने बरोबर भरतात. तरीही एका पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जोडून वाचा. पाने उलटताना एकाच पानाचा फोटो दोनदा निघतो आणि पुढचे राहून जाते, तेव्हा मोजणी चौदाच भरते. कापलेला तुकडा गूगल ड्राइव्हवर चढवून त्यावर `Open with` → `Google Docs` केले की मजकूर चित्राखाली येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवावी असे गूगलचे सांगणे आहे. फोनचा अख्खा फोटो सहसा त्याहून मोठा असतो, एका रकान्याचा तुकडा मात्र बसतो.

फोटो खराब असेल तर आधी तो आला कुठून ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. साधारण २८ सेंटिमीटर उंचीच्या पानाला हे इंचामागे १४५ बिंदू होतात. मोठा मजकूर वाचला जातो, तक्त्याखालच्या बारीक टिपा जात नाहीत. फोनमधला मूळ १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याच पानाला ३५०च्या पुढे बिंदू देतो आणि ओसीआरला ३०० पुरतात. तेव्हा मूळ फोटो केबलने घ्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. समोरासमोरची दोन पाने एका फोटोत घेतली असतील तर ती पाने पुन्हा काढावी लागतील. पुन्हा काढताना फोन जवळ नेऊ नका. अर्ध्या मीटरवर धरून दुप्पट झूम करा, पानाचा बाक कमी दिसतो. कागद पातळ असून मागची अक्षरे उमटत असतील तर पानामागे काळा कागद सरकवा. ट्यूबलाइट डोक्यावर येऊ देऊ नका.

एका पानासाठी पुन्हा ट्रान्स हार्बर पकडून नेरुळ गाठण्यापूर्वी हेही पाहा : या नियतकालिकाचे जुने अंक पबमेड सेंट्रलवर स्कॅन करून मोफत ठेवलेले आहेत. तुमच्या फोटोतला एखादा आकडा पुसट असेल तर तिथे ताडून घ्या. तेही शेवटी पानांचे चित्रच आहे, त्यामुळे पुढचे सगळे काम तसेच राहते.

आता महत्त्वाचे. चौदाच्या चौदा पाने मजकुरात आणू नका. आठ मिनिटांच्या बोलण्याला या लेखातली पाच ठिकाणे पुरतात : सुरुवातीचा प्रश्न, कोणते रुग्ण घेतले, त्यांची वाटणी कशी केली, सहा महिन्यांनंतरचा एक्स-रेचा तक्ता, आणि औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा भाग. बाकीची पाने तुम्ही वाचायची आहेत, टंकायची नाहीत. या पाच ठिकाणांचा मजकूर मात्र फोटोशी शब्दन् शब्द ताडलेला हवा.

ताडताना कुठे पाहायचे? ओसीआरच्या चुका सगळीकडे सारख्या पसरत नाहीत, ठरावीक जागी येतात. या लेखात स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्यांना ‘एस’ आणि न मिळालेल्यांना ‘सी’ असे इंग्रजी अक्षराने म्हटले आहे. मोठ्या लिपीतला ‘एस’ ओसीआरला पाच किंवा आठ वाटतो. ‘५५ एस रुग्ण’ याचे ‘५५५ रुग्ण’ होऊ शकते, आणि गंमत म्हणजे तो आकडा दिसायला अगदी व्यवस्थित असतो. ‘सी’चे कंसात नाहीतर शून्यात रूपांतर होते. दुसरी जागा दशांश चिन्हाची. त्या काळच्या ब्रिटिश छपाईत दशांश बिंदू ओळीच्या तळाशी नसून मध्यावर असतो. ओसीआर तो गाळते किंवा त्याची आडवी रेघ करते, मग दीडाचे पंधरा होतात किंवा ‘एक ते पाच’ होते. तिसरी जागा ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दांची, पण तिथे अर्थ बिघडत नाही, तेव्हा तिच्यावर वेळ घालवू नका. आकडे मात्र एकेक करून पाहा.

तक्ता ओसीआरने काढूच नका, हाताने टंका. रेघा आणि रकाने आले की ओसीआर ओळी खालीवर करते, आणि असा सरकलेला तक्ता दुरुस्त करण्यापेक्षा बारा आकडे टंकणे लवकर होते. टंकल्यावर बेरीज करा. या लेखातला सहा महिन्यांचा तक्ता असा आहे, आधी स्ट्रेप्टोमायसिन गट आणि मग तुलना गट :

एक्स-रेमध्ये बरीच सुधारणा : २८ आणि ४
मध्यम किंवा थोडी सुधारणा : १० आणि १३
विशेष बदल नाही : २ आणि ३
मध्यम किंवा थोडा बिघाड : ५ आणि १२
बराच बिघाड : ६ आणि ६
मृत्यू : ४ आणि १४

पहिल्या रकान्याची बेरीज ५५, दुसऱ्याची ५२, एकूण १०७ रुग्ण. लेखातही हेच एकूण आहे, म्हणजे टंकलेले जुळले. तीनचा आठ किंवा पाचाचा सहा झाला असता तर बेरजेने लगेच चुगली केली असती. एक चूक मात्र बेरजेतून निसटते, ती म्हणजे दोन ओळींतल्या आकड्यांची अदलाबदल. ती डोळ्यांनीच पाहावी लागते, म्हणून ओळीवर पट्टी ठेवून एकदा आडवे वाचा.

ताडलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक दावा एका वहीत किंवा साध्या तक्त्यात उतरवा. शेजारी जागा लिहा : पान, डावा की उजवा रकाना, कितवा परिच्छेद. ‘पान – उ – ३’ एवढे पुरते. हे काम कंटाळवाणे आहे, पण कार्यक्रमात कुणी डॉक्टर उठून ‘हे लेखात कुठे म्हटले आहे?’ असे विचारतात तेव्हा दुसरे काही कामाला येत नाही. आणि ज्या वाक्याला जागा लिहिता येत नाही ते वाक्य लेखातले नाही, तुमच्या डोक्यातले आहे, हेही इथेच कळते. अशी वाक्ये घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्यापुढे ‘बाहेरचे’ असे लिहा.

आराखडा करण्याआधी एक वाक्य ठरवा, जे ऐकून लोक घरी जातील. लेखाचा सारांश सहा-सात गोष्टी सांगतो, त्यातल्या तुमच्या श्रोत्यांना कोणत्या हव्यात? आरोग्यसेविका रोज रुग्णाला सांगतात की गोळ्या सगळ्या घ्या आणि मध्येच सोडू नका. म्हणून माझ्या मते तुमचे वाक्य असे असावे : ‘पहिल्या औषधाने जीव वाचले, पण ते एकटे दिल्याने जंतू त्याला पुरून उरले.’ डॉक्टरांसमोर बोलायचे असते तर वाक्य वेगळे झाले असते, रुग्णांची वाटणी कशी केली याभोवती. तोच लेख आणि तेच फोटो, पण स्लाइड वेगळ्या.

आता वेळेचा हिशेब. मराठीत सावकाश, सभागृहात ऐकू जाईल असे बोलताना मिनिटाला १०० शब्द धरा. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटतात, त्यामुळे ते लांब असतात. इंग्रजीसाठी सांगितला जाणारा १३० शब्दांचा हिशेब इथे चालत नाही. आठ मिनिटांतली अर्धी मिनिट माइक हातात घेण्यात आणि स्लाइड सरकवण्यात जाते. उरली साडेसात मिनिटे, म्हणजे टिपांचा एकूण मजकूर ७५० शब्द. सात स्लाइड करा, पण सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका.

पहिली स्लाइड, अर्धे मिनिट. शीर्षकात लेखाचे नाव नको, तुमचे वाक्य हवे. लेखाचे नाव, नियतकालिक आणि ३० ऑक्टोबर १९४८ ही तारीख खाली बारीक अक्षरांत.

दुसरी, एक मिनिट : ‘औषध होते, पण पुरेसे नव्हते’. स्ट्रेप्टोमायसिनची माहिती १९४४ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाली. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे ते फार थोडे होते. स्लाइडवर एवढ्या दोनच ओळी. १९४४चा उल्लेख लेखाच्या सुरुवातीलाच आहे, त्याची जागा टिपेत लिहा.

तिसरी, एक मिनिट : ‘कोणते रुग्ण?’ दोन्ही फुफ्फुसांत झपाट्याने वाढणारा, अलीकडचा, जंतू तपासून सिद्ध झालेला क्षय. वय १५ ते ३०. फुफ्फुस दाबून ठेवण्याचा तेव्हाचा उपचार यांना करता येण्याजोगा नव्हता. हा शेवटचा मुद्दा गाळू नका. खाटेवरची विश्रांती हाच यांच्यासाठी तेव्हाचा उपचार होता, हे त्यातूनच कळते. त्याच्याविना ५२ जणांना औषध न देणे क्रूर वाटते.

चौथी, दीड मिनिट : ‘कुणाला औषध, हे डॉक्टरांनी ठरवले नाही’. पाचवी, दोन मिनिटे : निकाल. सहावी, एक मिनिट : ‘जंतू शिकले’. सातवी, अर्धे मिनिट : ‘या लेखावरून काय म्हणता येत नाही’. एकूण साडेसात.

शीर्षके पाहा. दुसरीचे शीर्षक ‘प्रस्तावना’ आणि चौथीचे ‘पद्धत’ असे करण्याचा मोह होतो, कारण लेखात तसेच भाग पाडलेले असतात. पण मागच्या रांगेतली बाई फक्त शीर्षक वाचते. सातही शीर्षके एकाखाली एक वाचली की लेखाची गोष्ट कळली पाहिजे. आराखडा जमला की नाही हे तपासायला यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही.

पाचवी स्लाइड पूर्ण उलगडून दाखवतो, कारण फोटोतला तक्ता जसाच्या तसा चिकटवण्याची चूक इथेच होते. सहा ओळी, दोन गट, आकडे आणि टक्के मिळून चोवीस गोष्टी पडद्यावर येतात. लोक वाचत बसतात आणि तुमचे ऐकत नाहीत. तक्ता तीन ओळींवर आणायचा. पण कोणत्या ओळी एकत्र करायच्या हा निर्णय आहे, आणि तो चुकला तर निकालच बदलतो.

समजा ‘बरीच सुधारणा’ आणि ‘थोडी सुधारणा’ मिळवून एकच ‘सुधारणा’ केली. मग ५५ पैकी ३८ आणि ५२ पैकी १७ असे होते, म्हणजे ६९ आणि ३३ टक्के. दुप्पट फरक, छान दिसतो. पण ‘थोडी सुधारणा’ औषध न घेतलेल्यांत जास्त होती, १३ विरुद्ध १०. ती मिसळल्यावर खरा फरक झाकला जातो, कारण ‘बरीच सुधारणा’ एकटी पाहिली तर २८ विरुद्ध ४ आहे. म्हणून टोकाच्या दोन ओळी तशाच ठेवा आणि मधल्या चार एकत्र करा :

शीर्षक : सहा महिन्यांनी, १०० मागे मृत्यू २७ऐवजी ७
बरीच सुधारणा : ५५ पैकी २८ (५१%) । ५२ पैकी ४ (८%)
मधले सगळे : ५५ पैकी २३ (४२%) । ५२ पैकी ३४ (६५%)
मृत्यू : ५५ पैकी ४ (७%) । ५२ पैकी १४ (२७%)

मधल्या ओळीतले २३ आणि ३४ लेखात कुठेच छापलेले नाहीत, ती तुमची बेरीज आहे. तळाला ‘मधल्या चार गटांची बेरीज सादरकर्त्याची’ असे लिहा. टक्के पुन्हा स्वतः काढा. प्रत्येक गटाचे टक्के मिळून १०० होतात, म्हणजे काही सुटलेले नाही. ‘मृत्यू ७३ टक्क्यांनी घटले’ असे म्हणू नका. गणित बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला वाटते की शंभरातले त्र्याहत्तर वाचले. खरे तर शंभरात वीस जास्त वाचले, आणि तेच मोठे आहे.

या स्लाइडची टिप अशी लिहा. बोलीत लिहा, छापील भाषेत नको. चौकटी कंसातल्या सूचना वाचायच्या नाहीत, करायच्या आहेत.

‘सहा महिने झाले. आता दोन्ही गटांचे छातीचे एक्स-रे पाहायचे. पण पाहणार कोण? ज्यांनी औषध दिलं त्यांनी पाहिलं तर त्यांना सुधारणा दिसणारच. म्हणून दोन एक्स-रे तज्ज्ञ आणि एक डॉक्टर, अशा तिघांनी वेगवेगळे पाहिले. हा फोटो कोणत्या गटातला, हे त्यांना माहीत नव्हतं. [थांबा. खालची ओळ दाखवा.] आता ही शेवटची ओळ बघा. औषध न मिळालेले ५२ जण. सहा महिन्यांत त्यातले १४ गेले. औषध मिळालेले ५५. त्यातले ४ गेले. [तीन सेकंद गप्प.] वरची ओळ बघा. एक्स-रे बराच सुधारला असे औषधवाले २८, म्हणजे निम्मे. नुसत्या खाटेवरच्या विश्रांतीवर असलेले ४. ते चार विसरू नका. औषधाशिवायही काही जण सुधारतात, म्हणूनच दुसरा गट लागतो. नाहीतर त्या सुधारणेचं श्रेयही औषधालाच दिलं असतं. आणि एक शब्द जपून वापरूया. एक्स-रे सुधारला म्हणजे रुग्ण बरा झाला, असं नाही. लेखात बरे झाले असं म्हटलेलं नाही, सुधारणा म्हटलं आहे. [मधल्या ओळीकडे.] आणि हे मधले. औषध घेऊनही २३ जण इथेच अडकले. असं का, ते पुढच्या स्लाइडवर.’

हे एकशे तीस शब्दांच्या आसपास आहे. दोन मिनिटांत दोनशे बसतात, पण लोकांना आकडे वाचायला गप्प बसून वेळ द्यायचा आहे, त्यासाठी उरलेला भाग मोकळा ठेवला. ज्या स्लाइडवर आकडे आहेत तिची टिप हिशेबापेक्षा आखूड हवी, हे उलटे वाटते पण तसेच आहे. टिपेचे शेवटचे वाक्य पुढच्या स्लाइडकडे नेणारे असू द्या. बहुतेक जण दोन स्लाइडच्या सांध्यावरच अडखळतात.

आता भाषांतराचे दोन-तीन खड्डे, सगळे चौथ्या स्लाइडच्या आसपासचे. ‘कंट्रोल’ गटाला ‘नियंत्रण गट’ म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटते की त्यांचा आजार नियंत्रणात होता. ‘तुलना गट’ म्हणा. ‘बेड-रेस्ट’चे नुसते ‘विश्रांती’ केले तर वाटते की त्यांना वाऱ्यावर सोडले. अशा क्षयाला तेव्हा खाटेवरची संपूर्ण विश्रांती हाच मान्य उपचार होता, म्हणून ‘खाटेवरची विश्रांती, तेव्हाचा उपचार’ असे लिहा. आणि ‘रँडम’साठी ‘चिठ्ठ्या टाकून’ हा शब्द सोपा आहे, पण अर्धवट आहे. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक संख्यांवरून गट आधीच ठरवून मोहोरबंद पाकिटांत ठेवले होते. रुग्ण अभ्यासात घ्यायचा हे पक्के झाल्यावरच पाकीट उघडायचे. महत्त्व पाकीट बंद असण्याला आहे. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांना आधी कळले असते तर त्यांनी जास्त आजारी माणसाला नकळत औषधाच्या बाजूला ढकलले असते. टिपेत ‘चिठ्ठी’ म्हणा, पण लगेच ‘बंद पाकिटातली’ असे जोडा. औषधाचा डोस, दिवसाला २ ग्रॅम, चार इंजेक्शनांत, चार महिने, हा स्लाइडवर एका ओळीत येतो. दर सहा तासांनी सुई हे ऐकून सेविका हमखास कुजबुजतात, तिथे दोन सेकंद द्या.

सहाव्या स्लाइडवर एकच ओळ : तपासलेल्यांपैकी बहुसंख्य रुग्णांमध्ये औषधाला दाद न देणारे जंतू सापडले. इथे तुमचा मुख्य मुद्दा येतो. दोन औषधे एकत्र दिली तर हे कमी होते, हे १९४८चा अभ्यास करणाऱ्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच, १९५० साली प्रसिद्ध झालेल्या, पॅस या औषधासोबतच्या चाचणीतून दिसले. ते या लेखात असूच शकत नाही, म्हणून टिपेत ‘बाहेरचे’ आणि बोलताना ‘दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात’ असे स्पष्ट म्हणा. १९४८च्या लेखाच्या तोंडी १९५०चा निष्कर्ष घालणे ही या विषयावरच्या सादरीकरणांतली फार जुनी चूक आहे.

सातव्या स्लाइडवर दोन ओळी पुरे. एकाच प्रकारच्या क्षयावरचा अभ्यास आहे, सगळ्या क्षयावरचा नाही. आणि तुलना गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते. दुसऱ्या मुद्द्याचा मृत्यूच्या आकड्यावर फारसा परिणाम संभवत नाही आणि एक्स-रे वाचणारे अनभिज्ञ होते, हेही टिपेत ठेवा.

तिच्यानंतर एक आठवी स्लाइड ठेवा, पण ती दाखवायची नाही. ‘त्या ५२ जणांना औषध का दिले नाही?’ हा प्रश्न येणारच. तिथे पूर्ण सहा ओळींचा तक्ता ठेवा, आणि टिपेत दोन गोष्टी : औषध सर्वांना पुरेल इतके नव्हतेच, आणि तुलना गटातल्या रुग्णांना आपण अभ्यासात आहोत हे सांगितलेले नव्हते. दुसरी गोष्ट आज चालणार नाही. कुणी विचारले तर लपवू नका.

फाइलचे म्हणाल तर, आराखडा वर्डमध्ये लिहिला आणि शीर्षकांना `Heading 1`, स्लाइडवरच्या ओळींना `Heading 2` ही शैली दिली, तर पॉवरपॉइंटमध्ये `New Slide` → `Slides from Outline` ने सातही स्लाइड एकदम तयार होतात. साध्या शैलीतला मजकूर मात्र त्यात येत नाही. टिपा वर्डमध्ये मध्ये मध्ये लिहिल्या असतील तर त्या गायब झाल्यासारख्या वाटतात. त्या प्रत्येक स्लाइडखालच्या नोंदींच्या पट्टीत हाताने चिकटवाव्या लागतात, दुसरा मार्ग शोधत बसू नका. सरकारी कचेऱ्यांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टंकतात. तो मजकूर सभागृहाच्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उमटतो. मंगलसारखा युनिकोड फॉन्ट वापरा आणि पीडीएफ प्रत सोबत ठेवा. लेखाच्या पानाचा फोटो स्लाइडवर लावू नका. तक्ता स्वतः काढा आणि खाली मूळ लेखाचा उल्लेख करा. पहिल्या स्लाइडवर पानाचा कोपरा शोभेला हवा असेल तर ठीक, पण त्यातले काही वाचायला लावू नका.

टिपा फक्त तुम्हाला दिसाव्यात यासाठी प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोज आणि `P` दाबून `Extend` निवडावे लागते. `Duplicate` राहिले तर एकतर टिपा दिसत नाहीत, नाहीतर सगळ्यांनाच दिसतात. सभागृहात हे जमेलच याची खात्री नसते, म्हणून टिपा १६ पॉइंट अक्षरांत कागदावर छापून घ्या, एका पानावर एक स्लाइड, आणि पानांना मोठे क्रमांक घाला.

घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचा. मनात वाचलेले नेहमी लवकर संपते. साडेआठ मिनिटे लागली तर तिसरी स्लाइड अर्धी करा आणि दुसरीतले १९४४ काढा. पाचवीतल्या गप्प बसण्याच्या जागा आणि चौथीतले बंद पाकीट तसेच राहू द्या. आणि सूत्रसंचालकांनी आयत्या वेळी ‘पाचच मिनिटांत आवरा’ म्हटले, जे २४ मार्चला होतेच, तर पहिली, चौथी, पाचवी आणि सहावी एवढ्याच दाखवा. स्लाइडचा आकडा टंकून एंटर दाबले की पॉवरपॉइंट थेट त्या स्लाइडवर जाते. ते चार आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.